पंप आणि स्पेसर: आईबापांसाठी एका पानाची चिठ्ठी लिहायलेय, चुका काढा

रानपाखरू (अंबाजोगाई)

नमस्कार मंडळी. मी लहान मुलांच्या एका खाजगी दवाखान्यात परिचारिका आहे. बाळदम्याच्या लेकरांना पंप कसा द्यायचा हे आईबापांना दाखवायचं काम माझ्याकडं आहे. दाखवताना सगळे माना डोलावतात आणि महिन्यानं येऊन म्हणतात, "सिस्टर, पंपानं काही फरक नाही." मग मी म्हणते, माझ्यासमोर देऊन दाखवा.

मागच्या आठवड्यात केज तालुक्यातले एक जण अडीच वर्षांच्या पोरीला घेऊन आले होते. त्यांनी पिशवीतून पंप काढला आणि न हलवताच स्पेसरला, म्हणजे पंप आणि तोंडाच्या मधे लावायच्या प्लॅस्टिकच्या नळकांड्याला, लावला. दोन फवारे चट-चट मारले. पोरगी घाबरते म्हणून मास्क तोंडापासून बोटभर लांब धरला. "एक, दोन" म्हटलं आणि झालं. वरून उपरण्याच्या टोकानं स्पेसर आतून चकचकीत पुसून ठेवला. त्या माणसानं चार महिने एक दिवस चुकवला नव्हता. पोरीच्या छातीत औषध गेलं असेल तर थेंबभर.

डॉक्टर म्हणाले, एका पानात लिहून काढ, आपण छापू. पहिला खर्डा असा आहे:

"पंप चांगला हलवा. स्पेसरच्या मागच्या भोकात बसवा. मास्क नाक-तोंडावर घट्ट लावा. एकच फवारा मारा. लेकरानं दीर्घ श्वास घेऊन १० सेकंद रोखावा. दुसरा फवारा द्यायचा असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबा, पुन्हा हलवा, मग द्या. लेकरू रडत असलं तरी चालतं, रडताना श्वास खोल जातो. रोजच्या पंपानंतर चूळ भरायला लावा."

कुठं चुकतंय, कुठं समजणार नाही ते सांगा. शुद्धलेखन नंतर बघू.

तात्या_कळंबकर

सिस्टर, मी नऊ वर्षांपासून पंप घेतोय, स्वानुभव सांगतो. तुमच्या चिठ्ठीत मुख्य गोष्टच राहिली. कॅप्सूल टाकली, फिरवली, की तोंडात धरून एकदम जोरात ओढायचं. हळू ओढलं तर पावडर तशीच राहते. हे ठळक लिहा.

मास्तर_औसा

तात्या, तुमचं यंत्र वेगळं. सिस्टर फवाऱ्याच्या पंपाबद्दल बोलायल्यात.

सिस्टर, माझी हरकत भाषेला आहे. दोन वर्षांच्या लेकराला "दीर्घ श्वास घेऊन १० सेकंद रोख" हे कोण सांगणार? माझ्या पहिलीतल्या पोरांना सांगितलं तर गाल फुगवून लाल होतात आणि श्वास घ्यायचाच विसरतात.

गोदाकाठी (नांदेड)

मी बालरोगतज्ज्ञ आहे. खर्डा चांगला आहे, पण दोन जागी दुरुस्ती लागेल.

आधी तात्यांचं. त्यांच्या यंत्रात सुकी पावडर असते, ती उडायला जोराचाच श्वास लागतो. फवाऱ्याच्या पंपात औषध आधीच वेगानं बाहेर येतं, स्पेसर त्याचा वेग मोडतो. तिथं जोरात ओढलं की औषध घशावर आपटतं आणि तिथंच बसतं. म्हणून स्पेसरमधून श्वास हळू आणि सावकाश. काही स्पेसर जोरात ओढल्यावर शिट्टी वाजवतात. आईबापांना वाटतं शिट्टी वाजली म्हणजे छान दिलं. खरं तर ती "हळू घे" अशी सूचना असते.

मास्तरांचं बरोबर. श्वास रोखणं मोठ्या मुलांसाठी आहे. साधारण चार-पाच वर्षांच्या आतल्या लेकरासाठी मास्कवाला स्पेसर, एक फवारा आणि नेहमीसारखे ५ ते १० श्वास. रोखायचं काही नाही. ते मोजायचे कसे, तर स्पेसरमधल्या पडद्याकडं बघून. प्रत्येक श्वासाला तो पातळ पडदा हलतो. पडदा हलत नसेल तर मास्क कुठूनतरी उघडा आहे, नाहीतर लेकरानं श्वास धरून ठेवलाय. मी आईला एवढंच सांगतो की तोंडाकडं बघू नका, पडद्याकडं बघा.

आता रडण्याचं. "रडताना श्वास खोल जातो, म्हणून रडू द्या" हे मी काही डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकलंय, पण ते उलटं आहे. रडणारं लेकरू लांबलचक श्वास बाहेर सोडतं आणि मधेच एक छोटा, जोराचा हुंदका आत घेतं. त्या हुंदक्यात औषध नाकाघशात आपटतं आणि गिळलं जातं. फुप्फुसात फार थोडं पोचतं. शिवाय रडताना मान हलते आणि मास्क सुटतो. ते वाक्य काढाच.

सोनूची_आई (परभणी)

डॉक्टरसाहेब, मग आम्ही काय करावं? माझा सोनू तीन वर्षांचा आहे. मास्क दिसला की पलंगाखाली पळतोय. त्याचे पप्पा हात धरतेत, मी मास्क दाबते, आजी बाजूला बसून "मारू नका गं लेकराला" म्हणती. रोज सकाळ-संध्याकाळ हाच तमाशा. पोळ्याच्या बाजारात पंप आणला तेव्हा महिनाभरात लई फरक पडला होता. आता संक्रांत झाली अन् परत रात्रभर खोकायलाय. मला वाटायलंय पंपाची सवय लागली अन् औषध लागू होईना. कुणी म्हणतंय थंडीनं. पंप बदलून घ्यावा का?

रानपाखरू

सोनूची आई, एक विचारते. पोळ्याला आणलेला तोच पंप अजून चालू आहे का? रोज किती फवारे देता?

सोनूची_आई

हो ताई, तोच. सकाळी एक, रात्री एक. अजून भरलेला हाय. दाबला की फुस्स करून येतंय ना.

औषधवाला_परळी

ताई, भरलाय का ते बघायची सोपी युक्ती आहे. आतली धातूची बाटली काढून पाण्यात टाका. बुडाली तर भरलेली, आडवी तरंगली तर संपली. आम्ही दुकानात वर्षानुवर्षं हेच सांगतो. आणि सिस्टर, चिठ्ठीत रंग पण लिहा: निळा म्हणजे धापेचा, दुसऱ्या रंगाचा म्हणजे रोजचा. अडाणी माणसालासुद्धा कळतं.

गोदाकाठी

औषधवाले दादा, पाण्याची युक्ती जुनी आहे, पण भरवशाची नाही. बाटलीत दोन गोष्टी असतात, औषध आणि ते ढकलणारा वायू. ठरलेले फवारे संपले तरी वायू थोडा उरतो आणि "फुस्स" होतच राहतं. बाहेर येतं त्यात पुरेसं औषध आहे की नाही, हे तरंगण्यावरून कळत नाही. वर पाणी बाटलीच्या तोंडात शिरून ते बंद होऊ शकतं. धातूची बाटली पाण्यात घालूच नये.

सोनूच्या आई, आपण हिशोब करू. बाटलीवर फवाऱ्यांचा आकडा छापलेला असतो, तो बघा. तुमच्या पंपावर २०० असेल असं धरतो. दिवसाला दोन, म्हणजे १०० दिवस. पोळा ते दत्तजयंती साधारण शंभरच दिवस होतात. सोनूचा खोकला परत कधी सुरू झाला?

सोनूची_आई

२०० च हाय बाटलीवर.

खोकला मार्गशीर्षाचे गुरुवार सुटले तवापासून. मी सासूबाईला म्हणलं पण, की उद्यापनाच्या थंडीत अंघोळ घातली म्हणून झालं.

म्हणजे महिनाभर मी लेकराचे हात धरून नुसता वारा पाजला?

रानपाखरू

ताई, तुमचा दोष नाही. आकडा बघायला तुम्हाला कुणी सांगितलंच नसणार. माझ्याही खर्ड्यात ते नव्हतं, आता टाकते. काही पंपांना मागं आकड्याची खिडकी असते, तिथं शून्याजवळ आलं की बदलायचं. खिडकी नसेल तर घेतला त्याच दिवशी हिशोब करून संपायची तारीख मार्करनं प्लॅस्टिकवर लिहायची. दिवसाला दोन असतील तर १०० दिवस, चार असतील तर ५० च. नवा पंप, किंवा बरेच दिवस न वापरलेला, आधी हवेत दोन-चार वेळा मारून घ्यायचा. नेमका किती, ते आतल्या कागदावर असतं.

आणि ताई, नवा पंप आणला तरी लेकराला एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. महिनाभर औषध बंद असल्यासारखंच होतं ना.

गोदाकाठी

रंगाबद्दल राहिलं. धापेचा पंप बहुतेकदा निळा असतो, पण तेवढ्यावर जाऊ नका. कंपनी बदलली की छटा बदलते, आणि काही मोठ्या मुलांना एकच जोडऔषधाचा पंप दोन्ही कामांना लिहून दिलेला असतो. चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरात "रोजचा" आणि "धापेचा" असं लिहायचं. दुकानात पंप देतानाच ती चिकटवलीत तर आमचं निम्मं काम होईल.

रोजचा पंप सूज हळूहळू उतरवतो, लगेच काही जाणवत नाही, म्हणून लोक तोच आधी सोडतात. धापेचा पाच-दहा मिनिटांत छाती मोकळी करतो, म्हणून तोच खरा वाटतो. तो आठवड्यात दोन-तीनदा लागायला लागला तर डॉक्टरांना दाखवायचं. सवय लागण्याची भीती मनातून काढा. ही नशा नव्हे.

मास्तर_औसा

ते पलंगाखाली पळण्याचं राहूनच गेलं की. सोनूच्या आईनं मुख्य तेच विचारलं होतं.

रानपाखरू

त्यात माझा अनुभव लिहिते. मास्कची भीती पहिल्या दिवशी दाबून धरल्यानं बसते आणि मग महिनोन् महिने निघत नाही. आमच्याकडं नवीन लेकरू आलं की मी रिकामा स्पेसर, पंप न लावता, त्याच्या हातात देते. त्यानं तो चावला तरी चालतो. मग बाहुलीला मास्क लावायचा, मग आईला, मग बाबाला. आईनं लावून श्वास घेतला की पडदा टकटक हलतो, लेकरं त्याच्याकडं बघत बसतात. दोन-तीन दिवस नुसता खेळ, पंप नाही. अर्थात धाप नसताना, आणि डॉक्टरांना विचारून.

देताना लेकराची पाठ आपल्या छातीला टेकवून मांडीवर घ्यायचं. एक हात कपाळावर, लाडात ठेवल्यासारखा. दुसऱ्या हातात स्पेसर. समोरून दोन माणसं चालून आली की ते घाबरतंच. आणि मोजणी गाण्यात करायची. आमच्या एका आजीनं "एक दोन तीन चार, पाटलाच्या वाड्यात बैल चार" असं काहीतरी जुळवलंय. नातू ते संपेपर्यंत हलत नाही.

मास्क लांब धरण्याचं पण लिहितेच. बोटभर फट ठेवली तर औषध खोलीत जातं. केजच्या दादांनी पोरीची दया केली आणि चार महिने भिंतीला औषध दिलं.

फडावरचा_मास्तर

थोडा वेगळा प्रश्न. मी ऊसतोड मजुरांच्या मुलांना शिकवतो. धारूर-वडवणीकडची कुटुंबं दिवाळीनंतर कारखान्यावर जातात ते उन्हाळ्यापर्यंत. पाचटाची धूळ, चुलीचा धूर, लेकरं रात्रभर ढासतात. माझ्याकडं दोन मुलांना पंप आहे, स्पेसर एकालाच. दुसऱ्याचा बाप पंप थेट पोराच्या तोंडात मारतो. स्पेसरला पैसे नाहीत म्हणतो, आणि पुढच्या उचलीपर्यंत नसतीलही. चिठ्ठीत त्याच्यासाठी काय आहे?

गोदाकाठी

सर, यावर चांगलं काम झालेलं आहे. केपटाऊनच्या डॉक्टरांनी १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक प्रयोग छापला. धाप लागलेल्या मुलांना विकतच्या स्पेसरमधून आणि ५०० मिलिलिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीतून औषध दिलं. पंप बसवलेली जागा नीट बंद केलेल्या बाटलीचा गुण विकतच्या स्पेसरइतकाच आला. त्याच प्रयोगात थर्माकोलसारखा कपही होता, तो सगळ्यात कमी पडला. म्हणजे कागदी कप, द्रोण असले उद्योग नकोत.

पाण्याची अर्ध्या लिटरची रिकामी बाटली घ्या. बुडाला पंपाच्या तोंडाच्या आकाराचं भोक पाडा. गोल नाही, पंपाचं तोंड जसं लांबट तसं. तार तापवून केलं की कड नीट येते. पंप घट्ट बसला पाहिजे, उरलेली फट चिकटपट्टीनं बंद करा. बाटलीचं तोंड लेकराच्या ओठांत, ओठ गच्च मिटलेले, एक फवारा, आणि तोंडानंच सावकाश पाच-सहा श्वास. बाटली आधी साबणाच्या पाण्यानं धुऊन सुकवलेली हवी.

मर्यादा अशी की हे ओठ मिटून धरू शकणाऱ्या लेकराला जमतं, म्हणजे चार-पाच वर्षांच्या पुढं. त्याहून लहानाला मास्क लागतोच.

रानपाखरू

डॉक्टरसाहेब, मान्य आहे. पण बाटलीचं छापील चिठ्ठीत घालावं का, याबद्दल माझं मन होईना. छापलं की ज्याला स्पेसर परवडतो तोही बाटली करील, आणि भोक मोठं पाडून औषध बाहेर घालवील. माझ्यासमोर करून घेतली तर ठीक.

फडावरचा_मास्तर

ताई, फडावर तुम्ही समोर नसता. थेट तोंडात मारण्यापेक्षा बाटली बरी की नाही, एवढंच सांगा.

गोदाकाठी

बरी. पुष्कळच बरी. थेट मारताना दाबणं आणि श्वास एकाच क्षणी जुळावा लागतो. ते मोठ्यांनाही जमत नाही, पोराला कुठून जमणार. छापायचं की नाही ते सिस्टर आणि त्यांच्या डॉक्टरांनी ठरवावं.

आणि सर, पंप कोपीत पत्र्याखाली किंवा ट्रॅक्टरच्या काचेमागं ठेवू देऊ नका. दाबाची बाटली आहे, ५० अंशांवर तापली तर फुटू शकते. पाण्याच्या माठाशेजारी सावलीत ठेवली तरी पुरे, फक्त ओल लागू नये.

औषधवाला_परळी

धुण्याचं काय ठरलं? माझ्याकडच्या एका स्पेसरच्या खोक्यावर आठवड्यातून एकदा लिहिलंय, दुसऱ्यावर महिन्यातून एकदा. गिऱ्हाईक मला विचारतं.

गोदाकाठी

खोक्यावर लिहिलंय तेच पाळा, प्रत्येक बनावट वेगळी. महिन्यातून एकदा हा कमीत कमी हिशोब धरा.

किती वेळा यापेक्षा कसं हे महत्त्वाचं. केजच्या दादांनी उपरण्यानं पुसला ना? कोरड्या फडक्यानं प्लॅस्टिक घासलं की त्यात वीज भरते, कंगव्याला केस चिकटतात तशी. मग फवाऱ्यातलं औषध आतल्या भिंतीला चिकटून बसतं. उपाय साधा आहे. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब, पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, हळू हलवा, काढा, उभा करून निथळत वाळू द्या. पुसायचं नाही. आतला भाग बऱ्याचदा पुन्हा साध्या पाण्यानं धूतही नाहीत, कारण साबणाचा पातळ थर वीज धरू देत नाही. मास्क मात्र चेहऱ्याला लागतो, तो स्वच्छ खळखळून घ्यायचा. नवा स्पेसरही आधी असाच धुऊन वापरावा.

मास्तर_औसा

आमच्याकडं बोअरच्या पाण्याला साबणाचा फेसच येत नाही, भांड्यावर पांढरा क्षार बसतो. त्या पाण्यात धुवावं का?

रानपाखरू

मास्तर, मी प्यायचं पाणी वापरा म्हणते. तांब्याभर लागतं. टँकरच्या दिवसांत तेवढंही जिवावर येतं, पण महिन्यातून एकदाच आहे. पडद्याला क्षार बसला तर तो ताठ होतो आणि हलत नाही, हे मी बघितलंय. तसा झाला किंवा चिरला तर स्पेसर बदलायचा.

सोनूची_आई

एक शेवटचं विचारते. सासूबाई म्हणत्यात, झोपल्यावर गुपचूप मास्क लावावा, रडणं नको अन् काही नको. आणि दुसरं, रात्री धाप लागली तर आम्ही मशीनच्या वाफेसाठी जिंतूरला पळतोत. पंपापेक्षा वाफ जड असती ना?

रानपाखरू

झोपेतलं काही जणींना जमतं म्हणतात. आमच्याकडं दोन आया तसंच देतात, लेकरू जागं होत नाही.

गोदाकाठी

माझा अनुभव उलटा आहे. मास्क टेकला की बहुतेक लेकरं जागी होतात, घाबरतात, आणि मग जागेपणी पण मास्क नको म्हणतात. झोपेत नाकानं श्वास चालतो, उथळ असतो, कमीच पोचतं. रोजची पद्धत म्हणून मी सांगणार नाही. सिस्टरांच्या त्या दोन आयांनी पडदा हलताना बघितलाय का, ते विचारायला हवं.

वाफेचं: साध्या ते मध्यम धापेत धापेचा पंप स्पेसरमधून नीट दिला तर मशीनच्या वाफेइतकाच गुण येतो. मुलांवरच्या पुष्कळ अभ्यासांतून हे दिसलेलं आहे. वाफेला दहा मिनिटं आणि वीज लागते, पंपाला यापैकी काही नाही. जिंतूरला निघण्याआधी घरातच पहिले फवारे देऊन निघावं.

किती द्यायचे, हा आकडा तुमच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर पेनानं लिहायचा, कारण तो लेकरागणिक बदलतो. मी पाच वर्षांच्या आतल्या मुलांना धापेच्या १०० मायक्रोग्रॅमच्या पंपाचे २ फवारे लिहितो, एकेक करून. २० मिनिटांनी आराम नसेल तर पुन्हा २, आणि आणखी २० मिनिटांनी पुन्हा २. सहा झाले तरी उतरत नसेल तर दवाखाना. आणि लेकरू बोलू-पिऊ शकत नसेल, प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली जागा आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा ते सुस्त पडलं असेल, तर २० मिनिटं मोजत बसायचं नाही. १०८ ला फोन लावायचा, आणि गाडी येईपर्यंत, वाटेतसुद्धा, फवारे देत राहायचं.

इथं रडण्याचा नियमही बाजूला. रोजच्या पंपासाठी शांत व्हायची वाट बघा. धापेत बघू नका, रडत असलं तरी मास्क घट्ट लावून द्या. थोडं तरी जातं.

रानपाखरू

सगळं वाचून दुसरा खर्डा केलाय. अजून एका पानात बसेना, मास्तर कात्री लावतील:

"पंपावर लिहा: रोजचा की धापेचा. संपायची तारीख लिहा. लेकराला मांडीवर घ्या, पाठ तुमच्या छातीला. पंप जोरात हलवा, स्पेसरला लावा. मास्क नाकाच्या वरपासून हनुवटीपर्यंत बसला पाहिजे, कुठंही फट नको. एक फवारा. पडदा ५ ते १० वेळा हलेपर्यंत मास्क काढू नका. दुसरा फवारा लागला तर अर्धा ते एक मिनिटानं, पंप पुन्हा हलवून. दोन फवारे एकदम मारू नका, ते एकमेकांना चिकटून स्पेसरमध्येच बसतात. रोजच्या पंपानंतर चूळ भरून थुंकायला लावा. लहान असेल तर पाणी पाजा आणि मास्कखालचा चेहरा ओल्या फडक्यानं पुसा, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात. स्पेसर साबणाच्या पाण्यानं धुवा, वाऱ्यावर वाळवा, आतून कधीच पुसू नका. धाप लागली तर: ____ फवारे, ____ मिनिटांनी पुन्हा (डॉक्टर लिहितील)."

मास्तर_औसा

"वाऱ्यावर" ऐवजी "निथळत ठेवून" करा. वाऱ्यावर लिहिलं की आमच्याकडं तो अंगणात वाळत घालतील आणि कोंबडी घेऊन जाईल.

तात्या_कळंबकर

म्हणजे माझं जोरात ओढायचं बरोबरच आहे ना?

मास्तर_औसा

तुमचं बरोबर, तात्या. सोनूचं वेगळं.

औषधवाला_परळी

आजपासून दुकानात चिकटपट्टी आणि मार्कर ठेवलाय. पहिल्याच गिऱ्हाइकाच्या पंपावर हिशोब केला: रोज चार फवारे, २०० चा पंप, आणि बाई म्हणाल्या सहा महिन्यांपूर्वी घेतलाय. पाण्यात टाकायला मीच सांगितलं होतं.

सोनूची_आई

नवा पंप आणला. डॉक्टरला पण दाखवलं. प्लॅस्टिकवर तारीख लिहिली. सोनूनं आधी सासूबाईला मास्क लावला, त्या खोकल्या, तो हसला. आज पडदा सहा वेळा हलला, मग पळाला. सहा चालतेत ना?

रानपाखरू

चालतात.